कोल्हापुरी हातची की मशीनची? फोटोतले टाके, तळ आणि कापलेल्या कडा बघून सांगाल का?

मृणाल_गंगापूररोड · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांची साठी आहे. कॉलेजात असल्यापासून ते कोल्हापुरीच घालतात, त्यामुळे भेट काय द्यायची हा प्रश्नच नव्हता. प्रश्न आहे तो खरी कशी ओळखायची हा.

मागच्या वर्षी इथल्याच एका प्रदर्शनातून त्यांच्यासाठी जोड घेतला होता. पाटीवर ‘पारंपरिक हस्तकला’ लिहिलं होतं, किंमत अकराशे. जूनच्या पहिल्या पावसात बाबा रविवार कारंजावरून घरी चालत आले आणि तेवढ्यात टाच फुगली. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर थर सुटे झाले. मी नखाने उचकटून बघितलं तर वर चामड्याचा पातळ पापुद्रा आणि आत करडा पुठ्ठा. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी जुनाच जोड परत काढला. मला फार लागलं ते.

आता ऑनलाइन एक जोड बघितलाय. ‘हाताने बनवलेली अस्सल कोल्हापुरी’, १,८५० रुपये. पाच फोटो आहेत, खाली जोडलेत:

पहिल्यात दोन्ही पाय वरून. दुसऱ्यात एक पाय बाजूने, टाच दिसते. तिसऱ्यात तळाची खालची बाजू. चौथ्यात अंगठा आणि वेणी जवळून. पाचव्यात खोका आणि त्यावर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, चिन्ह.

नुसत्या फोटोवरून काय काय कळू शकतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

निलेश_पंचवटी · रविवार, रात्री ९.३४

सोपं आहे. टाके वाकडेतिकडे असतील तर हातची, एका रेषेत असतील तर मशीनची. तुमच्या पहिल्या फोटोत टाके एकदम सरळ आहेत, म्हणजे मशीन. आणि खरी कोल्हापुरी चालताना करकर वाजते. आवाज नसेल तर घेऊ नका. कर्नाटकातून येणारा मालसुद्धा टाळा, तो सगळा डुप्लिकेट असतो.

---

आजीचा_बटवा · रविवार, रात्री १०.०२

मृणाल, नवी कोल्हापुरी अंगठ्याला आणि करंगळीजवळ चावतेच. पट्ट्याला आतून एरंडेल तेल लाव, रात्रभर ठेव आणि पहिले चार-पाच दिवस घरातल्या घरात घालायला सांग. आमच्या ह्यांचा जोड अशानेच मऊ झाला. साठ वर्षांच्या माणसाला फोड आले तर लवकर बरे होत नाहीत, म्हणून आधीच सांगते.

---

मृणाल_गंगापूररोड · रविवार, रात्री १०.१५

धन्यवाद काकू, तेलाचं लक्षात ठेवते. पण अजून घेतलीच नाहीये, घ्यायची का तेच ठरवतेय.

---

कागलकर_सातपूर · रविवार, रात्री ११.२०

मृणालताई, मी मूळचा कागल भागातला. आमच्या घरात आजोबांपासून हेच काम. मी नोकरीसाठी सातपूरला आलो, पण हात अजून विसरलेला नाही. सावकाश लिहितो.

आधी निलेशभाऊंचं. टाके सरळ म्हणजे मशीन, हे खरं नाही. माझ्या वडिलांचा टाका फूटपट्टी लावल्यासारखा सरळ यायचा. चांगल्या कारागिराचं तेच कसब आहे. वाकडा टाका म्हणजे शिकाऊ हात किंवा घाई. उलट आता काही कारखान्यांत मुद्दाम जाड दोऱ्याचा मोठा टाका घालतात, हातचा वाटावा म्हणून.

बघायचं ते दुसरंच आहे. मूळ कामात तळ दोऱ्यानं शिवत नाहीत, वादीनं शिवतात. वादी म्हणजे चामड्याचीच चिरलेली बारीक पट्टी. आरीनं भोक पाडायचं, ओली वादी त्यातनं ओढायची. वाळली की ती आवळते आणि थर धरून ठेवते. वादी चपटी असते, त्यामुळं तिचा टाका बारीक पट्टीसारखा बसतो. कुठंतरी ती किंचित पीळ खाते, कुठं जरा रुंद दिसते, कारण चामडं सगळीकडं सारखं नसतं. आणि भोक गोल नसतं, चिरेसारखं लांबट असतं.

मशीनचा दोरा गोल असतो, भोकही गोल. आणि सगळ्यात महत्त्वाचं बघायचं ते वळणावर. अंगठ्याच्या पुढं तळ जिथं गोल होतो, तिथं हातानं शिवणारा माणूस टाका आपोआप आखूड करतो, नाहीतर वळण कोनात मोडतं. मशीन टाच असो की वळण, टाक्याची लांबी तीच ठेवतं. तुमचा पहिला फोटो मोठा करून बघा. सरळ बाजूला दहा टाक्यांना किती जागा लागली ते फूटपट्टीनं मोजा, मग वळणावरचे दहा मोजा.

अजून एक. शिवण कुठंतरी सुरू होते आणि कुठंतरी संपते. मशीनला तिथं तीन-चार टाके एकावर एक घ्यावे लागतात, नाहीतर दोरा उसवतो. बहुतेक हे टाचेच्या आतल्या बाजूला असतं, पटकन नजरेला पडू नये म्हणून. वादीचं टोक मात्र दोन थरांच्या मध्ये दडपतात, तिथं दुहेरी टाके दिसत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर करकर मुद्दाम आणता येते, तशी मागणी असायची म्हणून काही जण आणायचेही. आवाजावरनं हातची की मशीनची हे ठरत नाही. आणि फोटोतनं आवाज येतही नाही.

कर्नाटकाचं तर अजिबात बोलू नका. २०१९ मध्ये जीआय मिळाला तो दोन्ही राज्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. अथणी-निपाणीकडं पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी घरं आहेत. त्यांचा हात कुणापेक्षा कमी नाही.

---

निलेश_पंचवटी · सोमवार, सकाळी ८.०५

कर्नाटकाचं मला माहीत नव्हतं, शब्द मागे घेतो. पण मग पाचव्या फोटोत जीआयचं चिन्ह आहे ना? जीआय असेल तर ती हातचीच असणार.

---

कागलकर_सातपूर · सोमवार, सकाळी ८.४०

खोक्यावर चिन्ह छापायला काय लागतं? जीआयमध्ये कारागिराला किंवा संस्थेला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. विक्रेत्याला विचारायचं, तुमची नोंद कुणाच्या नावावर आहे आणि नोंदणी क्रमांक काय? खरा असेल तर सांगेल. नुसत्या चित्रावर जाऊ नका.

---

फोटोवाला_अमेय · सोमवार, दुपारी १.१५

मला चपलांतलं काही कळत नाही, पण माझं काम प्रॉडक्ट फोटोचं आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. पहिल्या फोटोत दोन पाय नाहीत, एकच आहे. उजव्या पायाचा फोटो उलटा करून डावा म्हणून लावलाय. अंगठ्याजवळ पॉलिशचा एक फिकट डाग आहे आणि वेणीच्या तिसऱ्या पेडाला एक बारीक चीर आहे. दोन्ही गोष्टी दुसऱ्या पायावर आरशात दिसाव्यात तशाच, त्याच जागी आहेत. त्यामुळे दोन पायांची तुलना करून काही ठरवायचं असेल तर हा फोटो बाद.

दुसरं म्हणजे सगळे फोटो समोरून सपाट उजेडात काढलेत. अशा उजेडात टाक्यांची खोली आणि कडांचा पोत मारला जातो. विक्रेत्याला सांगा, चप्पल खिडकीजवळ ठेव, उजेड एका बाजूने तिरका येऊ दे, फ्लॅश बंद कर. प्रत्येक टाक्याची सावली पडली की भोक खरं आहे की नुसता ठसा, ते लगेच कळतं.

---

कागलकर_सातपूर · सोमवार, दुपारी २.०५

अमेयभाऊ, हे तुम्ही फार कामाचं सांगितलंत. मी टाके बघत बसलो आणि उलटा केलेला फोटो माझ्या लक्षातच आला नाही. हातच्या जोडात डावा-उजवा कधी तंतोतंत नसतो. वेणीचे पेड एका पायात एखादा कमी-जास्त असतो, भोकांची नक्षी जरा सरकलेली असते. तेच बघायचं होतं मला.

ठशाचंही बरोबर. स्वस्त मालात तळ साच्यातनं काढतात आणि त्याच्यावर टाक्यांचे उठाव असतात. दोराही नाही, भोकही नाही. तशात एखाद्या टाक्यावर बारीक खोट असेल तर तीच खोट त्या साच्यातनं निघालेल्या प्रत्येक जोडावर असते.

---

येवल्याची_सून · सोमवार, संध्याकाळी ६.५०

आमच्या घरी पैठणी विणतात, म्हणून मध्येच बोलते. गिऱ्हाईक वरची बाजू बघतं, आम्ही आधी पदर उलटा करतो. हाताने विणलेला मोर मागूनही तसाच दिसतो, मशीनच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात. चपलेलाही अशी उलटी बाजू असेलच ना? खाली तळाला ती वादी तशीच दिसायला हवी की नाही?

---

कागलकर_सातपूर · सोमवार, रात्री ९.३०

वहिनी, अगदी नेमकं विचारलंत. वादी वरनं खाली जाते आणि खालनं वर येते, त्यामुळं वर जिथं टाका, तिथंच खालीही त्याची खूण असायला हवी. काही ठिकाणी वरच्या थरावर दिखाऊ वादी नुसती सोल्यूशननं चिकटवतात. वरनं झकास दिसतं, खाली काही नाही.

अडचण एवढीच की आता बरेच कारागीरही खाली रबराचा पातळ सोल लावतात, पावसासाठी आणि फरशीवर घसरू नये म्हणून. गिऱ्हाईकच मागतं. मग खालची बाजू झाकली जाते आणि ही परीक्षा करता येत नाही. मृणालताईंच्या तिसऱ्या फोटोत तेच आहे, काळं रबर. त्यावरनं हो किंवा नाही काहीच म्हणता येणार नाही.

अशा वेळी कड बघायची. माझ्या मते कड सगळ्यात खरं बोलते.

हातच्या कामात तळाचे थर आधी एकावर एक बसवतात आणि मग रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, सगळे मिळून तासतात. त्यामुळं रापीची खूण वरच्या थरावरनं खालच्या थरापर्यंत सलग उतरते. कड अगदी काटकोनात नसते, जरा तिरकी असते, मधेच एखादा चपटा छेद दिसतो. कारखान्यात थर डायनं वेगवेगळे कापून मग जोडतात. तिथं एखादा थर केसभर बाहेर राहतो आणि कडेला पायरी दिसते. ती घालवायला कड चाकावर घासतात. मग सगळीकडं एकाच दिशेचे बारीक ओरखडे येतात, आणि ते दिसू नयेत म्हणून वर जाड रंग.

आणि थर स्वतः बघा. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं, कापल्यावर आरपार तपकिरी दिसतं. वरच्या बाजूला तंतू घट्ट, खालच्या बाजूला जरा मोकळे. पुठ्ठ्याला, म्हणजे चामड्याचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाला, तंतूच नसतात. त्याची कड पावाच्या कापासारखी चुरा चुरा दिसते. तुमच्या बाबांच्या चपलेत तोच निघाला असणार. पाणी पितो आणि फुगतो.

पट्ट्याच्या कडेला पांढरी रेघ किंवा कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. मधोमध निळसर करडी रेघ दिसली तर बहुतेक क्रोमनं कमावलेलं चामडं. ते चामडं खरंच असतं, पण जुन्या पद्धतीचं नाही.

ताई, विक्रेत्याकडनं तीनच फोटो मागवा. टाचेची मागची कड जवळून. पट्ट्याची कापलेली कड. आणि टाचेच्या आतल्या बाजूची शिवण. उजेड अमेयभाऊंनी सांगितला तसा.

---

मेनरोड_जोडेवाला · मंगळवार, सकाळी ११.१०

माझा चपलांचा धंदा आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. ‘हातची’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने, असा माल आज किती निघतो? पट्ट्याची शिवण मशीनवर, डायने कापलेला तळ, वेणी मात्र हाताची, असा माल चांगल्या कारागिरांकडूनही येतो. त्यांनाही पोट आहे. वादीने तळ शिवायला जो वेळ जातो, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. माझ्या दुकानात दहापैकी नऊ जण आधी भाव विचारतात, टाका कुणी विचारत नाही. मशीनचा टाका दिसला की लगेच ‘नकली’ म्हणणं बरोबर नाही.

---

कागलकर_सातपूर · मंगळवार, दुपारी १.४०

दादा, मशीन वापरलं म्हणून कुणाला चोर म्हणत नाही मी. माझ्या चुलतभावाकडंही पट्ट्याचं शिलाई मशीन आहे. माझं म्हणणं लिहिण्याबद्दल आहे. वेणी हातची असेल तर ‘वेणी हातची’ लिहा. सगळी चप्पल हातची म्हणून तिचे पैसे घ्यायचे आणि आत बोर्ड घालायचा, हे मला मान्य नाही. माझी आई डोळे दुखेपर्यंत वेण्या घालायची. एका पट्ट्याला तीन ठिकाणी चिरा, मग तेच पेड गुंफत पुढं जायचं. वेणी वेगळी नसते, पट्ट्यातनंच निघते. तिच्या कामाच्या नावावर पुठ्ठा खपवलेला बघितला की त्रास होतो.

---

मेनरोड_जोडेवाला · मंगळवार, दुपारी २.१५

बोर्डाचं म्हणाल तर मीही सांगून विकतो. पण टाचेच्या मधल्या एका थरात बोर्ड आणि वर-खाली चामडं, याला मी फसवणूक म्हणणार नाही. पूर्ण चामड्याची टाच हवी तर जोड महाग होतो. तो पर्यायही ठेवतो, पण उठाव कमी.

---

मृणाल_गंगापूररोड · बुधवार, रात्री ८.२०

फोटो आले! विक्रेत्याने दोनदा विचारलं ‘कशाला हवेत’, पण पाठवले. जसे दिसतात तसे सांगते, फोटो खाली आहेतच.

टाचेच्या मागच्या कडेला गडद तपकिरी रंग आहे, जाड, चकचकीत. खालच्या बाजूला एका ठिकाणी रंगाचा टवका उडालाय. पट्ट्याची कड सगळीकडे तपकिरी आहे, पांढरी रेघ नाही. आतल्या बाजूच्या शिवणीत एका जागी टाके दाट दिसतात, मोजले तर चार.

पहिल्या फोटोवर टाकेही मोजले. स्क्रीनवर फूटपट्टी लावून. बाजूला दहा टाके ६२ मिलिमीटरमध्ये, अंगठ्याच्या वळणावर दहा टाके ६१ मिलिमीटरमध्ये.

जीआयच्या नोंदीबद्दल विचारलं तर ‘मॅडम, सगळं ओरिजिनल आहे’ एवढंच उत्तर.

---

फोटोवाला_अमेय · बुधवार, रात्री ८.५५

स्क्रीनवरचे मिलिमीटर खरे नसतात, पण दोन्ही मापं एकाच फोटोतली आहेत, त्यामुळे एकमेकांशी तुलना चालेल. फक्त एक सांभाळा. वळणाचा भाग कॅमेऱ्यापासून लांब गेला असेल तर तिथले टाके आपोआप आखूड दिसतात. हा फोटो बऱ्यापैकी वरून घेतलाय, म्हणून फार फरक पडू नये.

टवक्याचा भाग मी उजळून मोठा केला, खाली जोडतो. रंगाच्या आत तपकिरी नाही, करडं दिसतंय. फोन आपल्या मनाने रंग बदलतो, म्हणून शेजारची पांढरी भिंत प्रमाण धरून रंग दुरुस्त केला. तरी करडंच.

---

कागलकर_सातपूर · बुधवार, रात्री १०.१०

बघितले सगळे. माझं मत सांगतो, आणि कुठं खात्री आहे, कुठं नाही, तेही.

शिवण मशीनची आहे, यात मला शंका नाही. वळणावर टाका आखूड झालेला नाही, भोक गोल आहे, आणि शेवटी चार टाके एकावर एक आहेत. नुसतं एखादंच लक्षण असतं तर मी थांबलो असतो, कारण हातानं दोऱ्याची शिवण घालणारेही शेवटी एक-दोन टाके मागं घेतात. तिन्ही एकत्र आहेत म्हणून म्हणतो.

टाचेत बोर्ड आहे. करड्या टवक्यात तंतू नाहीत, दाणे आहेत. खालच्या दुसऱ्या थरात तरी तोच आहे. बाकी थरांचं रंगामुळं सांगता येत नाही.

पट्टा चामड्याचा वाटतो. आणि चौथ्या फोटोतली वेणी हातची आहे. पेड पट्ट्यातनंच निघालेत, तिसऱ्या पेडाची चीर मुळापाशी जरा लांब गेलीय. रापी घसरली की तसं होतं. डायनं चिरलेल्या पट्ट्यात तिन्ही चिरा एकाच उंचीवर संपतात. कुणा बाईनं बसून केलेलं काम आहे ते, आणि चांगलं केलंय.

म्हणजे वरचा भाग हातचा, तळ कारखान्याचा. ‘हाताने बनवलेली अस्सल’ म्हणून १,८५० मी देणार नाही.

---

निलेश_पंचवटी · बुधवार, रात्री १०.३०

मी तर म्हणतो मागवून घ्या आणि आल्यावर कड थोडी जाळून बघा. चामडं असेल तर केस जळल्याचा वास येतो. पक्कं कळेल.

---

कागलकर_सातपूर · बुधवार, रात्री १०.४५

निलेशभाऊ, तसं करू नका. जाळलेली चप्पल परत घेणार कोण? शिवाय चामड्यावर प्लॅस्टिकचा थर असेल तर दोन्ही वास येतात आणि कळत काहीच नाही. बोर्डातही चामड्याचाच चुरा असतो, तोही तसाच वास देतो. घरी आल्यावर बघायचंच असेल तर रबर नसलेल्या जागी, कडेला, पाण्याचा एक थेंब टाका. सालीनं कमावलेलं उघडं चामडं पाणी ओढतं, डाग गडद होतो आणि वाळला की कड पुन्हा घट्ट. बोर्ड त्या जागी वर येतो आणि खरबरीत राहतो. कडेला रंग लावलेला असेल तर मात्र हेही चालत नाही.

---

मेनरोड_जोडेवाला · गुरुवार, सकाळी १०.५०

वेणीबद्दल कागलकर म्हणतात ते बरोबर, मीही बघितली. पण तुम्ही हा जोड नाकारलात तर त्या वेणी घालणाऱ्या बाईचंही काम जातं, हेही लक्षात घ्या. तिने काही फसवलेलं नाही.

---

येवल्याची_सून · गुरुवार, दुपारी १२.३०

हे आमच्याकडेही होतं. मशीनच्या साडीला हातचा पदर जोडतात आणि सगळी हातची म्हणून विकतात. विणणाऱ्याला पदराचेच पैसे मिळतात, वरचे मधल्याला. मला तरी वाटतं मृणालने घेऊ नये, कारण तिने दिलेले पैसे त्या बाईपर्यंत पोचत नाहीत.

---

मेनरोड_जोडेवाला · गुरुवार, दुपारी १.००

ते तुम्हाला कसं माहीत? प्रत्येक धंद्यात मधला माणूस चोरच असतो असं नाही.

---

मृणाल_गंगापूररोड · शनिवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. तो जोड घेतला नाही. विक्रेत्याला एवढंच लिहिलं की टाचेत बोर्ड आहे ते आधी सांगायला हवं होतं. उत्तर नाही आलं.

आज मावसभाऊ कोल्हापूरहून आला. त्याला मी हा धागा आधीच पाठवला होता. तो तिथल्या एका घरी गेला, जिथे नवरा तळ करतो आणि बायको वेणी घालते, आणि त्यांच्यासमोर बसून जोड घेतला. २,६०० रुपये. कापशी पद्धतीची आहे, नऊ नंबर. खाली रबर नाही. आठ फोटो जोडतेय, खिडकीजवळ काढलेत, फ्लॅश बंद.

वादीचे टाके वर आणि खाली जुळतात. मी टाचणी घेऊन एकेक बघितला. कड रंगवलेली नाही. रापीच्या खुणा वरून खाली सलग येतात, डाव्या टाचेला एक चपटा छेद आहे, तो उजव्या टाचेला नाही. डाव्या वेणीत अकरा पेड, उजवीत बारा. मोजून मला इतका आनंद झाला की दोनदा मोजले.

एकच शंका. सातव्या फोटोत कानाची, म्हणजे तळाच्या बाजूला असलेल्या चामड्याच्या पाकळीची, कापलेली कड बघा. वरून-खालून तपकिरी, पण मधोमध जरा फिकट रेघ दिसते. कागलकर, ही तुम्ही म्हणालात ती निळसर करडी रेघ का? तळाच्या थरांत तसं काही नाही.

---

फोटोवाला_अमेय · शनिवार, रात्री १०.१०

मला ती करडी वाटतेय, पण खिडकीचा उजेड संध्याकाळचा असेल तर सगळंच निळसर येतं. किती वाजता काढले?

---

मृणाल_गंगापूररोड · शनिवार, रात्री १०.१४

साडेसहाला. ढग होते.

---

आजीचा_बटवा · शनिवार, रात्री १०.२०

छान जोड मिळाला गं. तेल लावायला विसरू नकोस.

---

कागलकर_सातपूर · शनिवार, रात्री ११.०५

तळ आणि शिवण बघून मन भरलं. हे काम ज्यानं केलंय त्याला हात आहे. तळाचे थर सालीनं कमावलेले आहेत असं मला वाटतं.

कानाचं मात्र फोटोवरनं सांगता येणार नाही. चामड्याला रंग वरनं-खालनं दिला आणि मधोमध पोचला नाही, तरी अशीच फिकट रेघ दिसते. सालीनं कमावलेल्यातही दिसते. सोमवारी मी निळसर करडी म्हणजे बहुतेक क्रोम असं लिहिलं, पण ढगाळ उजेडातल्या फोटोत फिकट तपकिरी आणि करडं यातला फरक मलाही करता येत नाही. काही घरं तळ जुन्या पद्धतीचा ठेवून कान आणि पट्टा तयार क्रोमचा घेतात, तेही होतं. मावसभावाला विचारा, त्यानं त्या घरी पट्ट्याचं चामडं बघितलं होतं का.

उद्या सकाळी उन्हात एक फोटो काढा, शेजारी पांढरा कागद ठेवून. तरी शंका राहिली तर रविवारी मी घरीच असतो, बाबांना घेऊन सातपूरला या. कानाच्या टोकाला आतनं रापीनं केसाएवढं कापलं की ताजी कड दिसेल, चपलेला काही होत नाही.

---

मृणाल_गंगापूररोड · रविवार, सकाळी ७.५०

उन्हातला फोटो खाली आहे. मला फिकट तपकिरी वाटतेय, आईला करडी. बाबांना अजून काही सांगितलं नाहीये, साठीच्या आधी कळायला नको. म्हणून मी एकटीच चप्पल घेऊन येते, अकरा वाजता चालेल का?